कमाल प्रवाह देणारी घनता कशी काढायची: मोजलेल्या आकड्यांपासून उत्तरापर्यंत

रस्त्यावर गाड्या वाढल्या की वेग उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. वेग आणि घनता यांचा आलेखही बहुतेकांना काढता येतो. गाडी अडते ती त्यानंतर. "मग कोणत्या घनतेला तासाला सर्वांत जास्त गाड्या पुढे जातात?" असं विचारलं की कोणी रस्ता पूर्ण ठप्प होतो त्या जाम घनतेवर बोट ठेवतो, कोणी वेग सर्वांत जास्त आहे तिथे, तर कोणी "जाम घनतेच्या निम्मी" हे पाठ केलेलं उत्तर देतो आणि आपल्या आकड्यांना ते लागू पडतं की नाही हे पाहतच नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या गणितांत चुका बहुतेक त्याच त्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या शेवटच्या सूत्रात नसतात, आकडे गोळा करतानाच झालेल्या असतात. म्हणून इथे मी मोजणीपासून सुरुवात करून शेवटच्या उत्तरापर्यंत एकच उदाहरण नेतो आहे.

उदाहरणातले आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत. हाताने हिशेब करता यावा म्हणून ते सोपे ठेवले आहेत.

## सुरुवातीआधी: तीन राशी, तीन एकके

प्रवाह `q` म्हणजे एका ठिकाणाहून तासाला जाणाऱ्या गाड्या. घनता `k` म्हणजे एका क्षणी एक किलोमीटर लांबीत असलेल्या गाड्या. वेग `v` किलोमीटर दर तास. या तिघांना बांधणारं नातं असं:

```
q = k × v
```

प्रवाह मोजायला एका जागी उभं राहून काही वेळ मोजावं लागतं. घनता मोजायला एकाच क्षणी काही लांबी पाहावी लागते. प्रवाह वेळेवर मोजला जातो, घनता लांबीवर. हा फरक आत्ताच डोक्यात पक्का करा, कारण पुढच्या टप्प्यात सरासरी वेग चुकतो तो नेमका इथेच.

सगळं एका लेनसाठी करायचं की पूर्ण रस्त्यासाठी, हेही आधीच ठरवा. मी नेहमी एका लेनचा हिशेब करतो आणि शेवटी लेनच्या संख्येने गुणतो. प्रवाह तीन लेनचा आणि घनता एका लेनची अशी खिचडी झाली, तर सूत्र तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर मात्र देतं. रस्त्यावर मोटारी, ट्रक आणि दुचाकी एकत्र असतील तर सगळ्यांना एकाच मापात आणून मगच मोजा, आणि ते माप प्रवाह व घनता दोन्हींना सारखंच लावा.

तपासणी: आकडेवारीतली कोणतीही एक ओळ घ्या आणि घनतेला वेगाने गुणा. आलेला प्रवाह त्याच ओळीतल्या मोजलेल्या प्रवाहाशी जुळतो का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: जागा निवडा

जिथे मोकळी वाहतूकही दिसते आणि तुंबलेलीही, अशी जागा हवी. गाड्या जिथे अडतात त्या अरुंद भागाच्या पुढे उभे राहिलात तर तुंबलेली अवस्था तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण गाड्या तिथून सुटून मोकळ्या निघतात. आलेखाचा डावा भाग भरेल, उजवा कोरा राहील, आणि जाम घनता निव्वळ रेषा लांबवून काढावी लागेल.

त्या अरुंद भागाच्या बऱ्याच मागे उभे राहिलात तर उलटी अडचण येते. रांग मागे सरकत तुमच्यापर्यंत पोहोचते आणि वाहतूक मोकळ्या अवस्थेतून एकदम तुंबलेल्या अवस्थेत जाते. मधले बिंदू, म्हणजे नेमके कमाल प्रवाहाच्या आसपासचे, मिळतच नाहीत. तुमच्या जागेवरून किती गाड्या जातात ते मग तुमच्या रस्त्याच्या हातात राहत नाही, पुढचा अरुंद भागच ते ठरवतो.

तपासणी: मोजणी झाल्यावर वेग–घनता आलेखावर बिंदू मांडा आणि मधला पट्टा पाहा. तो रिकामा असेल तर पुढे येणारं उत्तर अंदाजाचं आहे, मोजणीचं नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहा.

## टप्पा २: सरासरी वेग बरोबर काढा

सगळ्यात जास्त उत्तरं या टप्प्यावर बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा एका ठिकाणाहून तासाला १२०० गाड्या जातात. त्यातल्या ६०० ताशी ६० किलोमीटरने जातात आणि ६०० ताशी २० किलोमीटरने. सरासरी वेग किती? पटकन तोंडात ४० येतं. तो धरून घनता काढली तर १२०० ÷ ४० = ३० गाड्या दर किलोमीटर.

आता दोन्ही गट वेगळे करून पाहा. वेगवान गटाची घनता ६०० ÷ ६० = १०. हळू गटाची ६०० ÷ २० = ३०. रस्त्यावर एकूण घनता ४० आहे, ३० नाही. चाळीसपैकी दहा गाड्या हिशेबातूनच गळाल्या!

असं का झालं? एका जागी उभं राहून मोजलं की वेगवान गाड्या आपल्यासमोरून प्रमाणापेक्षा जास्त वेळा जातात. किलोमीटरभर लांबीचा फोटो काढला तर त्यात हळू गाड्याच जास्त दिसतील, कारण त्या रस्त्यावर जास्त वेळ असतात. `q = k × v` मध्ये जो वेग लागतो तो या फोटोतल्या गाड्यांचा सरासरी वेग. एका ठिकाणी मोजलेल्या वेगांवरून तो काढायचा तर अंकगणिती मध्य चालत नाही, हरात्मक मध्य घ्यावा लागतो:

```
v = n / (1/v1 + 1/v2 + ... + 1/vn)
```

आपल्या दोन गटांसाठी: २ ÷ (१/६० + १/२०) = ३०. आणि १२०० ÷ ३० = ४०. आता जुळलं.

सगळ्या गाड्या जवळपास सारख्या वेगाने जात असतील तर दोन्ही मध्यांत फारसा फरक पडत नाही. तुंबलेल्या, थांबत-चालत पुढे सरकणाऱ्या वाहतुकीत मात्र फरक मोठा होतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला असतो: अंकगणिती मध्य वेग जास्त दाखवतो आणि घनता कमी. परिणामी आलेखाचा तुंबलेला भाग डावीकडे ओढला जातो आणि वक्राचा आकारच बदलतो.

सावधान: काही यंत्रं मिनिटाची सरासरी आधीच काढून देतात आणि ती अंकगणिती असते. प्रत्येक गाडीचा वेग मिळत असेल तर तोच मागून घ्या. मिळत नसेल तर निदान मिनिटांच्या सरासऱ्या एकत्र करताना तरी हरात्मक पद्धत वापरा आणि प्रत्येक मिनिटाला त्यातल्या गाड्यांच्या संख्येचं वजन द्या.

## टप्पा ३: घनता काढा

उंचावरून ठरावीक लांबीचा फोटो घेऊन गाड्या मोजणं, हा सरळ मार्ग. पण बहुतेकांकडे एका जागची मोजणीच असते, तेव्हा `k = q / v`. पाच मिनिटांत १४० गाड्या गेल्या तर प्रवाह १४० × १२ = १६८०. टप्पा २ मधला सरासरी वेग ५६ असेल तर घनता ३०.

तपासणी: १००० ला घनतेने भागा. एका गाडीच्या वाट्याला किती मीटर रस्ता आला ते कळतं. घनता ३० असेल तर ३३ मीटर, ते पटतं. घनता २५० आली तर ४ मीटर, म्हणजे बऱ्याच मोटारींच्या लांबीपेक्षाही कमी. एका लेनमध्ये मोटारी इतक्या दाटीने उभ्या राहूच शकत नाहीत. असं उत्तर आलं तर बहुधा दोन लेनच्या गाड्या एकत्र मोजल्या गेल्या आहेत.

## टप्पा ४: खोटे बिंदू काढून टाका

पाच मिनिटांच्या एखाद्या तुकड्यात अर्धा वेळ वाहतूक मोकळी होती आणि अर्धा वेळ तुंबलेली. मोकळ्या भागात घनता ३० आणि वेग ५६, म्हणजे प्रवाह १६८०. तुंबलेल्या भागात घनता ११० आणि वेग ११, म्हणजे प्रवाह १२१०. दोन्हींची सरासरी घेतली तर घनता ७०, प्रवाह १४४५ आणि वेग सुमारे २०.६ असा बिंदू तयार होतो.

रस्त्यावर घनता ७० प्रत्यक्षात स्थिरपणे असताना वेग ३२ होता, हे पुढच्या तक्त्यात दिसेल. म्हणजे ७० आणि २०.६ ही अवस्था रस्त्यावर कधी नव्हतीच, ती सरासरीने जन्माला घातली. असे बिंदू नेमके मधल्या पट्ट्यात पडतात, जिथे कमाल प्रवाह शोधायचा असतो, आणि ते नेहमी खऱ्या बिंदूंच्या खाली पडतात. हे डोळ्यांना सहज दिसत नाही, बिंदूंचा पसारा वाढल्यासारखं फक्त वाटतं.

उपाय असा की मिनिटामिनिटाचे वेग क्रमाने मांडायचे. एका तुकड्याच्या आत वेग एकदम कोसळला किंवा एकदम सावरला असेल तर तो तुकडा वगळायचा. स्थिर तुकडेच ठेवायचे. बिंदू कमी झाले तरी चालतील.

दुसरी अडचण संख्येची. दिवसभराच्या मोजणीत मोकळ्या वाहतुकीचे बिंदू शेकड्यांनी येतात, तुंबलेल्या वाहतुकीचे मोजके. सगळे बिंदू सारख्या वजनाने रेषेत घातले तर रेषा मोकळ्या वाहतुकीच्या बाजूला झुकते आणि तुंबलेल्या बाजूला काय होतंय याची तिला पर्वा राहत नाही. म्हणून घनतेचे सारख्या रुंदीचे गट करा: ० ते २०, २० ते ४० असे. प्रत्येक गटातले प्रवाह एकत्र मिळवा, घनता एकत्र मिळवा, आणि त्यांचा भागाकार घेऊन त्या गटाचा वेग काढा. प्रत्येक गटाचा एकच बिंदू. आता दोन्ही बाजूंना सारखं वजन मिळालं.

आपल्या उदाहरणात असे सहा गट उरले:

| घनता (गाड्या/किमी) | वेग (किमी/तास) | प्रवाह (गाड्या/तास) |
|---|---|---|
| १० | ७१ | ७१० |
| ३० | ५६ | १६८० |
| ५० | ४४ | २२०० |
| ७० | ३२ | २२४० |
| ९० | २० | १८०० |
| ११० | ११ | १२१० |

तपासणी: तिसरा स्तंभ वरून खाली वाचा. प्रवाह वाढतो, माथ्यावर येतो, उतरतो. शिखर ५० आणि ७० यांच्या आसपास कुठेतरी आहे, हे कोणतंही सूत्र न लावता दिसतं. हे कागदावर लिहून ठेवा. पुढचं गणित या आवाक्याच्या बाहेर गेलं तर चूक गणितात शोधायची.

## टप्पा ५: वेग–घनता रेषा बसवा

सर्वांत साधं मॉडेल सरळ रेषेचं, ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये मांडलेलं:

```
v = vf − (vf / kj) × k
```

`vf` म्हणजे रस्ता रिकामा असतानाचा मुक्त वेग आणि `kj` म्हणजे सगळं ठप्प झाल्यावरची जाम घनता. लघुतम वर्ग पद्धतीने रेषा हातानेही बसवता येते. घनतेची सरासरी ६०, वेगाची ३९. प्रत्येक घनतेतून ६० वजा करा, उरलेल्या संख्येने त्या ओळीतल्या वेगाला गुणा आणि सगळ्यांची बेरीज घ्या: −४२००. घनतेच्या त्याच फरकांच्या वर्गांची बेरीज ७०००. रेषेचा चढ −४२०० ÷ ७००० = −०.६. आंतरछेद ३९ + ०.६ × ६० = ७५.

```
v = 75 − 0.6 k
```

मुक्त वेग ७५, जाम घनता ७५ ÷ ०.६ = १२५. गाडीमागे ८ मीटर, म्हणजे गाडीची लांबी आणि पुढे थोडी मोकळी जागा. पटण्यासारखं आहे.

सावधान: रेषा वेग आणि घनता यांच्यावर बसवा. प्रवाह आणि घनता यांच्यावर सरळ रेषा बसवलेली मी पाहिली आहे. तिला शिखर नसतंच, मग काढणार काय?

## टप्पा ६: कमाल प्रवाहाची घनता काढा

इथे एकच गोष्ट सांभाळायची. आपल्याला वेग मोठा करायचा नाही, प्रवाह मोठा करायचा आहे. म्हणून विकलन करण्याआधी वेगाची रेषा घनतेने गुणून प्रवाहाचं समीकरण लिहा:

```
q = k × (75 − 0.6k) = 75k − 0.6k²
dq/dk = 75 − 1.2k = 0
k = 62.5
```

तिथला वेग ७५ − ३७.५ = ३७.५ आणि प्रवाह ६२.५ × ३७.५ ≈ २३४४. द्वितीय विकलज −१.२, ऋण आहे, म्हणजे हे शिखरच आहे.

नेहमीची चूक अशी: `q = k × v` लिहायचं, `v` ला स्थिर मानून विकलन करायचं आणि "उत्तर v आलं, शून्य होत नाही" म्हणून अडकायचं. घनता बदलली की वेगही बदलतो. गुणाकाराचा नियम लावला की खरी अट मिळते:

```
v + k × (dv/dk) = 0
```

ही अट सूत्र म्हणून पाठ करू नका, तिचा अर्थ असा वाचा. किलोमीटरमागे एक गाडी वाढवली तर काय होतं? त्या गाडीमुळे प्रवाहात `v` इतकी भर पडते. पण तिच्यामुळे आधीच्या सगळ्या `k` गाड्या थोड्या हळू होतात, आणि तेवढा प्रवाह कमी होतो.

घनता ३० असताना वेग ५७ आहे. नव्या गाडीने ५७ ची भर घातली, पण आधीच्या ३० गाड्यांचा वेग प्रत्येकी ०.६ ने उतरला, म्हणजे १८ ची घट. निव्वळ ३९ चा फायदा. घनता ९० असताना वेग २१. भर २१ ची, घट ९० × ०.६ = ५४ ची. ३३ चं नुकसान. घनता ६२.५ वर भर ३७.५ आणि घटही ३७.५. फायदा आणि तोटा बरोबर सुटतात, आणि शिखर तिथेच असतं. मी शिकवताना आधी ही तीन उदाहरणं फळ्यावर करून घेतो, विकलनाला मग हात लावतो. जाम घनतेवर बोट ठेवणारे विद्यार्थी ९० चं उदाहरण झालं की स्वतःच बोट मागे घेतात.

६२.५ ही जाम घनतेच्या बरोबर निम्मी आणि ३७.५ हा मुक्त वेगाच्या बरोबर निम्मा आहे. हे नातं सरळ रेषेपुरतंच खरं आहे. वक्र बदलला की ते मोडतं.

तपासणी: गाडीमागे १००० ÷ ६२.५ = १६ मीटर. दोन गाड्यांमधला वेळ ३६०० ÷ २३४४ ≈ १.५ सेकंद. माणसं चालवत असलेल्या गाड्यांसाठी हे शक्य आहे. हा वेळ सरासरी एका सेकंदाच्या खाली आला तर आकडे परत तपासा. लेनची गडबड असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

## टप्पा ७: रेषा शिखराजवळ खरी आहे का ते पाहा

रेषा आणि मोजलेला वेग यांतला फरक प्रत्येक बिंदूला लिहा. आपल्याकडे क्रमाने +२, −१, −१, −१, −१, +२ असा येतो. दोन्ही टोकं रेषेच्या वर आणि मधले चारही बिंदू खाली. हा योगायोगाचा विस्कळीतपणा नव्हे, बिंदू किंचित वाकलेले आहेत. आणि शिखर मधल्याच भागात आहे, म्हणजे रेषा तिथला प्रवाह थोडा फुगवून सांगते. ७० घनतेला रेषेचा प्रवाह २३१० येतो, मोजलेला २२४० आहे.

साधा उपाय करून पाहा. दोन्ही टोकं सोडा आणि फक्त ३० ते ९० चे चार बिंदू घेऊन रेषा पुन्हा बसवा. `v = 74 − 0.6k` मिळते. शिखर ७४ ÷ १.२ ≈ ६१.७ घनतेला आणि प्रवाह सुमारे २२८२. घनता ६२.५ वरून ६१.७ वर आली, म्हणजे जवळपास जागची हलली नाही. प्रवाह मात्र साठेक गाड्यांनी उतरला. यावरून मी घनतेच्या आकड्यावर विश्वास ठेवेन, २३४४ वर नाही.

बिंदू वाकलेले आहेत म्हटल्यावर लगेच वक्र बसवायचा मोह होतो. अंडरवुड यांचं घातांकी मॉडेल बरेचजण वापरतात:

```
v = vf × exp(−k / k0)
```

यात वरची अट लावली की `v − k × v/k0 = 0`, म्हणून कमाल प्रवाहाची घनता थेट `k0`. वेगाचे नैसर्गिक लॉगरिदम घेऊन आपल्या सहा बिंदूंवर रेषा बसवली तर `vf` सुमारे ९७.५ आणि `k0` सुमारे ५५ येतात. कमाल प्रवाह ९७.५ × ५५ ÷ २.७१८ ≈ १९७३.

आता टप्पा ४ मध्ये लिहून ठेवलेला कागद काढा. रस्त्याने २२४० गाड्या प्रत्यक्ष नेल्या आहेत, आणि हे मॉडेल म्हणतं की १९७३ च्या वर जाणं शक्य नाही. रस्त्याने जे करून दाखवलं ते मॉडेल अशक्य ठरवत असेल तर ते मॉडेल इथे बाद. १० घनतेला ते वेग ८१ सांगतं, मोजलेला ७१ आहे, हा दुसरा पुरावा. कारण लॉगरिदममध्ये आहे. लॉग घेतला की २० आणि ११ अशा छोट्या वेगांमधला फरक मोठा दिसतो, वक्र तुंबलेल्या टोकाला सांभाळायला जातो आणि मधला भाग सोडून देतो.

दुसऱ्या रस्त्यावर हेच मॉडेल सरळ रेषेपेक्षा सरस ठरू शकतं. कोणतं मॉडेल घ्यायचं हे त्याच्या लौकिकावरून ठरवू नका. मधल्या पट्ट्यात ते मोजलेल्या बिंदूंमधून जातं का, एवढंच पाहा.

सावधान: आख्ख्या आलेखाचा निर्धारण गुणांक ०.९५ च्या वर आला म्हणून खूश होऊ नका. टोकाचे बिंदू उत्तम बसून शिखर चुकलेलं असू शकतं.

## टप्पा ८: उत्तर आवाक्यात लिहा

६२.५ हा आकडा दशांशासकट लिहिणं मला पटत नाही. `75k − 0.6k²` मध्ये ५५ घाला: ५५ × ४२ = २३१०. ७० घाला: ७० × ३३ = २३१०. शिखरापासून दोन्हीकडे ७.५ गाड्या सरकलो, म्हणजे घनता १२ टक्क्यांनी बदलली, आणि प्रवाह दीड टक्काही उतरला नाही. शिखराचा माथा सपाट असतो. त्यामुळे मोजणीतली छोटी चूक घनतेचा आकडा बराच हलवते, प्रवाहाचा फारसा नाही.

पण ५५ आणि ७० या सारख्या नाहीत. प्रवाह तोच असला तरी ५५ ला गाड्या ताशी ४२ ने जातात आणि ७० ला ३३ ने. शिवाय ७० ला आपण शिखराच्या तुंबलेल्या बाजूला आहोत, तिथे आणखी गाड्या शिरल्या तर प्रवाह घटतो आणि रांग वाढते. म्हणून रस्त्यावर शिरणाऱ्या गाड्या नियंत्रित करण्यासाठी हा आकडा वापरणार असाल तर लक्ष्य शिखराच्या थोडं डावीकडे ठेवा, नेमकं शिखरावर नको.

निव्वळ प्रवाह देऊन थांबू नका, हेही याच कारणाने. "तासाला १८०० गाड्या" म्हटलं तर आपल्या रेषेवर दोन उत्तरं निघतात: घनता सुमारे ३२ आणि वेग ५६, किंवा घनता सुमारे ९३ आणि वेग १९. एकात रस्ता मोकळा, दुसऱ्यात तुंबलेला. प्रवाह लिहिला की शेजारी घनता किंवा वेग लिहिलाच पाहिजे.

या रस्त्यासाठी मी अहवालात अशी नोंद करेन: एका लेनमागे कमाल प्रवाहाची घनता सुमारे ६२ गाड्या दर किलोमीटर, ५५ ते ७० या पट्ट्यात प्रवाह जवळपास सपाट, त्या वेळचा वेग ३७ च्या आसपास, प्रवाह सुमारे २३०० गाड्या दर तास, मोजलेला सर्वाधिक गट २२४०. सोबत मोजणीची जागा, तुकड्याची लांबी, वगळलेल्या तुकड्यांची संख्या आणि वेगाचा मध्य कोणता घेतला ते. पावसातली मोजणी कोरड्या रस्त्याच्या मोजणीत मिसळू नका, तिची रेषा वेगळी बसवा, कारण ओल्या रस्त्यावर चालक वेग कमी करतात आणि अंतर जास्त ठेवतात, आणि दोन्ही एकत्र केल्यावर मिळणारी रेषा दोन्हींपैकी एकाही दिवसाची नसते.